आलमारीतील कुबट कपडे: आधी ऊन, मग थेंबाची परीक्षा आणि त्यानंतरच पाणी

हस्ताचा पाऊस ओसरून ऊन तापू लागले की आमच्या भागात नवरात्र-दसऱ्याच्या निमित्ताने आलमारी उघडली जाते, आणि चार महिने घडी न मोडलेल्या कपड्यांतून ओल्या पोत्यासारखा कुबट वास नाकात शिरतो. नव्याने संसार मांडलेली किंवा बदलीवर गावात आलेली माणसे अशा वेळी बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतात. एक तर सगळेच कपडे एकदम भिजत घालतात, नाही तर डांबराच्या गोळ्या टाकून दार पुन्हा लावून घेतात. पहिल्या मार्गाने नुसत्या उन्हाने सुधारले असते असे कपडेही पाण्यात जातात आणि धुण्याचा ढीग एका दिवसात वाळत नाही. दुसऱ्या मार्गाने वास झाकला जातो, पण ओल जागच्या जागी राहते. म्हणून या लेखात कामाचा क्रम सांगितला आहे, कारण या कामात साबण कोणता यापेक्षा आधी काय आणि मग काय, याला अधिक महत्त्व आहे.

मी अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात राहते. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळेत बदलून आलेल्या एक तरुण शिक्षिका आमच्या शेजारी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहू लागल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपली लोखंडी आलमारी उघडली तेव्हा आतल्या 38 कपड्यांपैकी एकही बिनवासाचा नव्हता. "काकू, सगळेच धुवायला काढते," असे म्हणत त्या बादली घेऊन हातपंपाकडे निघाल्या होत्या. "मॅडम, दोन दिवस थांबा, आधी त्यांना ऊन दाखवू," असे मी म्हटले. त्या 38 कपड्यांचे पुढे काय झाले ते क्रमाने सांगत जाते, म्हणजे प्रत्येक पायरीचा हेतू लक्षात येईल.

वास दोन प्रकारचा असतो

कापूस, खादी, गोधडी यांचे धागे हवेतील ओल शोषून घेतात. झड लागते तेव्हा आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि बंद आलमारीतील हवा बाहेरच्या हवेइतकीच दमट होते. आलमारी ओल्या भिंतीला टेकलेली असेल तर ती बाहेरच्याहूनही दमट होते. हवेतील आर्द्रता बराच काळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाढण्यापुरते पाणी मिळते, आणि खायला तिला कपड्यावरचा घाम, अंगाचे तेल, कांजीची खळ किंवा साबणाचा राहिलेला साका पुरतो. बुरशी वाढताना जी वायुरूप द्रव्ये सोडते तोच आपल्याला येणारा कुबट वास.

येथे एक भेद ओळखावा लागतो. काही कपड्यांवर बुरशी वाढलेली नसते. ते शेजारच्या कपड्यांचा, जुन्या कागदाचा किंवा आलमारीच्या फळीचा वास फक्त ओढून घेतात. असा वास कोरड्या, वाहत्या हवेत निघून जातो. इतर कपड्यांत मात्र वास निर्माण करणारी गोष्ट धाग्यातच बसलेली असते, आणि तो कपडा उन्हात कितीही ठेवला तरी पहिल्या दमट दिवशी वास पुन्हा वर येतो. पहिल्या प्रकारच्या कपड्यांना धुण्याची गरज नाही आणि दुसऱ्या प्रकारच्यांना उन्हाने भागत नाही. पुढची सगळी कृती हे दोन गट वेगळे करण्यासाठी आहे.

दिवस आणि जागा निवडणे

पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली असे नव्हे. जमीन ओली असते, सकाळी दव पडते आणि दहा वाजेपर्यंत हवेत बराच ओलावा असतो. विदर्भात साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस माघार घेतो. त्यानंतर सलग तीन कोरडे दिवस गेल्यावर हे काम काढावे. कपडे सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास बाहेर घालावेत आणि चारच्या आत उचलावेत. संध्याकाळ होऊ लागली की कपडा थंड होतो आणि दिवसभर सोडलेली ओल परत ओढू लागतो. दिवसभर छान तापलेले कपडे दिवेलागणीपर्यंत दोरीवर राहिल्यामुळे सगळी मेहनत वाया गेलेली मी अनेक घरांत पाहिली आहे.

याच दिवसांत सोयाबीनची काढणी आणि मळणी चालू असते. मळणीयंत्राचा भुसा वाऱ्याबरोबर गावभर उडतो आणि कपड्यांत शिरला की अंगाला खाज सुटते, तेव्हा शेजारी मळणी असेल तो दिवस टाळावा. अंगणात सकाळी सडा घातला असेल तर तो वाळल्यावरच खालच्या बाजेवर कपडे पसरावेत. दोरी प्लॅस्टिकची किंवा सुती चालेल. उघड्या लोखंडी तारेवर मात्र आधी फडके फिरवून पाहावे, कारण गंजाचा डाग बुरशीच्या डागापेक्षा काढायला अवघड असतो.

कपडे बाहेर काढून वेगळे करणे

आलमारी पूर्ण रिकामी करावी, एक खण आज आणि एक उद्या असे करू नये. एका खणात राहिलेला वास दुसऱ्या खणातील स्वच्छ कपड्यांना पुन्हा लागतो. कपडे घरात झटकू नयेत. बुरशीचे बीजाणू धुळीपेक्षा हलके असतात आणि खोलीभर पसरतात. घरात दम्याचा त्रास असलेले कोणी असेल तर त्यांना या कामापासून दूर ठेवावे, आणि आपणही नाकातोंडाला रुमाल बांधावा. घड्या तशाच उचलून अंगणात न्याव्यात आणि तेथे एकेक उघडून उजेडात पाहाव्यात.

पाहायचे ते एवढेच की कपड्यावर पांढरट-राखाडी भुरा किंवा काळे-हिरवट ठिपके आहेत का. ते बहुधा घडीच्या रेषेवर, काखेत, कॉलरच्या आत, नेफ्यात आणि कांजी केलेल्या सुती लुगड्यावर सापडतात. असे कपडे लगेच बाजूला काढावेत. त्यांच्यावर बुरशी प्रत्यक्ष वाढलेली आहे, त्यांना थेंबाची परीक्षा लावण्याची गरज नाही. मॅडमच्या आलमारीत असे चार कपडे निघाले. त्यांत दोन पांढरे सलवार, एक ओढणी आणि एक कोशाची साडी होती. उरलेले 34 आम्ही उन्हात घातले.

ऊन दाखवणे

एका कपड्यावर दुसरा येऊ देऊ नये आणि साडी चार घड्या करून दोरीवर टाकू नये. ऊन फक्त वरच्या घडीला लागते आणि मधल्या घड्या तशाच राहतात. साडीची एक घडी ठेवून ती दोन दोऱ्यांवर पसरून टाकली तर मधून हवा खेळते, आणि वास घालवण्याचे निम्म्याहून अधिक काम ही खेळती हवाच करते. उन्हाचा उपयोग कपडा तापवून ओल बाहेर काढण्यासाठी आणि बुरशी दुबळी करण्यासाठी होतो. मात्र त्याच उन्हाने रंग उडतो, म्हणून रंगीत सुती कपडे उलटे करून घालावेत आणि दुपारी एकदा फिरवावेत. गडद रंगाच्या कपड्यांना दोन तास ऊन आणि पुढे सावलीतला वारा पुरतो. रेशीम, कोसा आणि जर असलेल्या साड्या ओसरीत किंवा झाडाच्या सावलीतच पसराव्यात.

पतलुनीचे खिसे बाहेर ओढावेत, बटणे उघडावीत, कॉलर वर करावी. कपडा वाळला की नाही हे नेहमी त्याच्या जाड भागावरून ठरते, बाहीवरून नव्हे.

एका दिवसाने काम होत नाही. पहिल्या दिवशी चार वाजता कपडे आत आणून ते पंखा चालू असलेल्या खोलीत बाजेवर किंवा दोरीवर मोकळेच ठेवावेत, आलमारीत घालू नयेत, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा बाहेर घालावेत. दोन दिवसांनंतर मॅडमने प्रत्येक कपडा नाकाला लावून पाहिला. 12 कपड्यांना अजून स्पष्ट वास होता आणि 22 कपडे बिनवासाचे वाटले. त्या 22 च्या घड्या घालायला बसल्या तेव्हा मी त्यांना थांबवले, कारण कोरड्या कपड्यावर नाक फसते.

थेंबाची परीक्षा

कोरड्या धाग्यातून वासाची द्रव्ये फारशी उडत नाहीत आणि ओल मिळाली की ती हवेत येतात. पहिल्या सरीने जशी माती वास सोडते, तसेच हे आहे. म्हणून बिनवासाच्या वाटणाऱ्या कपड्यावर, ज्या जागी घाम साचतो त्या काखेत किंवा कॉलरच्या आत, साडी असेल तर घडीच्या मध्यावर, स्वच्छ गोड्या पाण्याचे चार-पाच थेंब टाकावेत. तो भाग मुठीत धरून अंगाच्या उबेने थोडा गरम होऊ द्यावा आणि दहा मिनिटांनी हुंगावा. नुसत्या ओल्या कपड्याचा सौम्य वास आला तर कपडा ठीक आहे. कुबट किंवा आंबूस वास वर आला तर त्यातली बुरशी किंवा जिवाणू गेलेले नाहीत आणि तो कपडा धुण्याच्या ढिगात जातो. रेशमी कपड्यावर थेंबाचा डाग राहू शकतो, त्यामुळे ही परीक्षा फक्त सुती आणि कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांवर करावी.

सलग हुंगत राहिले की नाकाला काही कळेनासे होते. पाच-सहा कपडे झाले की बाहेर मोकळ्या हवेत दोन मिनिटे जाऊन यावे. शक्य असेल तर घरातील दुसऱ्या माणसाला, विशेषतः नुकत्याच बाहेरून आलेल्या माणसाला, शंका असलेले कपडे हुंगायला द्यावेत.

त्या 22 पैकी पाच कपड्यांनी या परीक्षेत वास दिला. त्या पाचांपैकी तीन कृत्रिम धाग्याचे ब्लाउज होते. पॉलिएस्टरसारखा धागा पाणी कमी शोषतो आणि अंगाचे तेल धरून ठेवतो, त्यामुळे तो लवकर वाळतो, चांगला दिसतो आणि तरीही वास लपवतो. अशा रीतीने 17 कपडे न धुता घडीला गेले. धुण्यासाठी 21 उरले, त्यांत आधीचे डागांचे चार, उन्हानेही न सुधारलेले 12 आणि हे पाच होते. सगळे एकदम भिजवले असते तर जवळपास दुप्पट धुणे झाले असते, आणि पाण्याच्या दृष्टीने आमच्या भागात ही लहान गोष्ट नाही.

पुन्हा धुणे

पूर्णा खोऱ्यातील अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात, कारण येथील जमिनीखालचे पाणी खारे आहे. या पाण्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. खाऱ्या किंवा जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याचा साका धाग्यात बसतो आणि तो पुढे बुरशीचे खाद्य होतो. शिवाय कपड्यात राहिलेले क्षार हवेतील ओल ओढत राहतात. कपडा वाळल्यावर कडक लागत असेल आणि गडद रंगावर पांढरट छटा दिसत असेल तर क्षार राहिले आहेत असे समजावे. यावर उपाय असा की वडीऐवजी धुण्याची पावडर वापरावी आणि शेवटच्या खळबळणीसाठी नळयोजनेचे किंवा साठवलेल्या पावसाचे एक-दोन बादल्या गोडे पाणी राखून ठेवावे. सगळे धुणे गोड्या पाण्यात होत नसेल तरी शेवटचे पाणी गोडे असावे. विदर्भाच्या इतर भागांत पाणी खारे नसले तरी बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते, आणि तेथेही हीच काळजी उपयोगी पडते.

कपडे सकाळी सातच्या सुमारास भिजत घालावेत, म्हणजे अकराच्या आत ते दोरीवर जातात आणि पूर्ण ऊन मिळते. एका दिवशी दोरीवर मोकळेपणाने मावतील तेवढेच घ्यावेत. आम्ही 20 कपडे दोन दिवसांत प्रत्येकी दहा असे धुतले आणि कोशाची साडी वेगळी ठेवली.

सुती कपड्यांसाठी दहा लिटर कोमट पाण्यात, म्हणजे हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, दोन मोठे चमचे धुण्याची पावडर आणि दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवून मगच कपडे घालावेत. पाऊण तास भिजवणे पुरेसे आहे. रात्रभर भिजवले तर कपडा स्वच्छ होण्याऐवजी कोमट, मळक्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि धुतल्यानंतर नवाच आंबूस वास येतो. ही चूक फार सर्रास होते. पावडर जास्त घातल्यानेही फायदा होत नाही, ती निघेपर्यंत पाणी मात्र दुप्पट लागते. वास कापडाच्या मधोमध नसून शिवणी, काखा आणि नेफ्यात असतो, म्हणून ब्रश तेथे चालवावा.

यानंतर दोन पाण्यांतून कपडे काढून घट्ट पिळावेत आणि मग व्हिनेगरचे पाणी द्यावे. किराणा दुकानात खाण्याचे पांढरे व्हिनेगर मिळते. सात-आठ लिटर पाण्यात त्याची एक मोठी वाटी घालावी, कपडे अर्धा तास त्यात बुडवून ठेवावेत आणि मग राखलेल्या गोड्या पाण्यातून काढावेत. व्हिनेगर धाग्यातील साबणाचा आणि सोड्याचा राहिलेला अंश सोडवते व बऱ्याच जातींच्या बुरशीला आवर घालते. त्याचा स्वतःचा आंबट वास कपडा वाळताना उडून जातो.

येथे दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत घालू नयेत. फेस जोरात येतो आणि काम झाल्यासारखे वाटते, पण दोघेही एकमेकांना निकामी करतात. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ब्लीचिंग पावडर किंवा द्रव ब्लीच यांच्याशी व्हिनेगर कधीही मिसळू नये, एकापाठोपाठ एकाच बादलीतही वापरू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो छातीला गंभीर इजा करू शकतो.

ठिपके पडलेल्या पांढऱ्या सुती कपड्यांना व्हिनेगरऐवजी ब्लीच देता येते. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात ते बाहेर मोकळ्या जागी पाण्यात मिसळावे, कपडा पाच-दहा मिनिटेच ठेवावा आणि भरपूर पाण्यात खळबळावा. रंगीत कपड्यांवर ते चालत नाही. रेशीम आणि लोकर यांच्यावर तर ब्लीचने धागाच विरघळू लागतो. मॅडमचा एक सलवार यामुळे स्वच्छ झाला आणि दुसऱ्यावर फिकट करडे ठिपके राहिले. काळ्या बुरशीचा रंग धाग्यात उतरला की बुरशी मेल्यावरही डाग राहतो. वास गेला असेल तर तेथे थांबावे. डागासाठी पुन्हा पुन्हा ब्लीच केल्यास त्या जागी कापड विरते.

धुतलेल्या 20 कपड्यांपैकी 18 एका धुण्यात सुधारले, हे वाळल्यावर पुन्हा थेंबाची परीक्षा घेऊनच ठरवले. राहिलेले दोन म्हणजे कृत्रिम धाग्याचेच ब्लाउज होते. त्यांच्या काखेत द्रव साबणाचे काही थेंब थेट चोळून वीस मिनिटे ठेवले आणि मग कोमट पाण्यात पुन्हा धुतले. तेल सुटले तसा वासही सुटला. अशा कपड्यांना कडक गरम पाणी देऊ नये, त्यांच्या चुण्या पुढे जात नाहीत. परीक्षेत पास न झालेल्या कपड्याला इस्त्रीही करू नये. उष्णतेने वास क्षणभर जातो, पण तेल आणि मळ धाग्यात अधिक पक्के बसतात.

कोसा आणि रेशीम

भंडारा-नागपूरकडची कोशाची करवतकाठी साडी पुष्कळ घरांत एखादी तरी असते, आणि तिला वरची कोणतीही कृती लावू नये. सोडा, ब्लीच, गरम पाणी आणि कडक ऊन या चारही गोष्टी रेशमाच्या धाग्याला मारक आहेत. मॅडमच्या साडीवर घडीच्या रेषेवर पांढरा भुरा होता. ती सावलीत दोरीवर पसरून, भुरा पूर्ण कोरडा झाल्यावर, बाळाच्या केसांच्या ब्रशसारख्या मऊ ब्रशाने धाग्याच्या दिशेने हलकेच झटकली. ओला भुरा घासला तर तो आत दाबला जातो, म्हणून आधी कोरडेपणा हवा. तीन दिवस सावलीच्या वाऱ्यात राहूनही थोडा वास उरला, तेव्हा ती तालुक्याच्या ठिकाणी ड्रायक्लीनला दिली, आणि देताना बुरशीची जागा दुकानदाराला दाखवली. हे दाखवणे आवश्यक आहे, कारण न सांगितल्यास ती साडी इतर कपड्यांसारखीच हाताळली जाते.

गोधड्या आणि वाकळी

थंडीसाठी राखलेल्या गोधड्या वरून कोरड्या आणि आतून ओल्या असतात. त्यांना बाजेवर टाकून, खालून हवा लागेल अशा रीतीने, किमान तीन दिवस ऊन द्यावे आणि दर दीड-दोन तासांनी उलटावे. चार वाजता आत आणून अर्धा तास सावलीत निवू द्यावे, मग दुहेरी घडी करून मधल्या थरात हात घालावा. आत बाहेरच्यापेक्षा गार लागले तर ओल शिल्लक आहे. गोधडी धुण्याचा निर्णय शेवटी घ्यावा, कारण जाड गोधडी एका दिवसात वाळत नाही आणि अर्धवट वाळलेली गोधडी आधीपेक्षा जास्त कुबट होते. धुवायचीच असेल तर ती नोव्हेंबरच्या कोरड्या हवेसाठी राखावी.

आलमारी वाळवणे आणि तपासणे

कपडे स्वच्छ झाले तरी आलमारी तशीच असेल तर सारी मेहनत आठ दिवसांत वाया जाते. खणात पसरलेला जुना कागद काढून टाकावा, तो ओल आणि वास दोन्ही धरतो. आतून आधी कोरडे फडके, मग साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके आणि शेवटी स्वच्छ पाण्याचे फडके फिरवून पुसावे. लाकडी फळ्या निघत असतील तर त्या काढून उन्हात ठेवाव्यात. दारे पूर्ण उघडी ठेवून एक दिवस पंख्याची हवा सोडावी.

मग आलमारीमागची भिंत पाहावी. आमच्याकडे पावसाची झड बहुधा पश्चिमेकडून येते आणि ती भिंत सर्वांत जास्त भिजते. भिंतीला एक वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून चिकटवावा आणि एक दिवसानंतर पाहावे. प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला घाम धरला असेल तर ओल भिंतीतून येत आहे. मॅडमच्या खोलीत तसेच झाले होते. आम्ही आलमारी आतल्या भिंतीकडे हलवली, खाली दोन-दोन विटा दिल्या आणि मागे वीतभर जागा सोडली. भिंतीत बसवलेली आलमारी हलवता येत नाही. तेथे बाहेरून भिंतीची डागडुजी होईपर्यंत मागच्या बाजूला कपडे टेकवू नयेत आणि ठेवणीतले कपडे पत्र्याच्या पेटीत ठेवावेत.

आता आलमारी खरोखर कोरडी झाली का, हे पाहण्यासाठी मिठाची वाटी ठेवावी. साधे बारीक मीठ पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की पाणी धरू लागते, आणि बुरशीलाही जवळपास तेवढीच ओल लागते. खडे मीठ त्याआधीच ओले होते, म्हणून ते घेऊ नये. दोन चमचे कोरडे मीठ वाटीत घालून रिकाम्या आलमारीत मधल्या खणात ठेवावे, दार लावावे आणि दोन दिवसांनी पाहावे. मीठ मोकळे राहिले तर कपडे आत जाऊ शकतात. गोळा झाले किंवा कडेला पाणी दिसले तर दार उघडे ठेवून आणखी दोन दिवस थांबावे. मॅडमच्या आलमारीत पहिल्या वेळी मिठाचा गोळा झाला होता, जागा बदलल्यानंतर ते मोकळे राहिले.

परत ठेवताना

उन्हातून आणलेले कपडे गरम असतानाच घडी घालून कोंबू नयेत. तासभर सावलीत निवू द्यावेत. खण वरपर्यंत भरू नये, मागे चार बोटे जागा सोडावी आणि कांजी केलेला कपडा लांबच्या साठवणीत ठेवू नये, त्याची खळ आधी धुवून काढावी. एकदा अंगात घातलेला कपडा कितीही स्वच्छ दिसला तरी धुतल्याशिवाय स्वच्छ कपड्यांत मिसळू नये.

निंबाचा पाला घालायचा असेल तर तो सावलीत पूर्ण वाळवून, कापडी पुरचुंडीत बांधून ठेवावा. त्याने कीड दूर राहायला मदत होते, ओल मात्र कमी होत नाही. हिरवा पाला घातल्यास तो स्वतःच आलमारीत ओल सोडतो. डांबराच्या गोळ्या जरीला आणि कपड्यांना थेट लागू देऊ नयेत. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या अजिबात ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते आणि अशा गोळ्यांच्या वासात राहिलेले कपडे घातल्याने त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. कळीचा चुना ओल ओढतो खरा, पण पाण्याच्या संपर्कात तो तापतो आणि कातडी भाजतो, म्हणून लहान मुले असलेल्या घरात मी तो सुचवत नाही.

मिठाची वाटी नंतरही खालच्या खणात राहू द्यावी. पुढच्या वर्षी मृग लागण्याआधी, मेच्या शेवटच्या कडक उन्हात, सगळे कपडे एकदा तापवून निवल्यावर ठेवावेत. पावसाळ्यात ज्या दिवशी उघडीप मिळून कोरडा वारा सुटेल त्या दुपारी दोन-तीन तास आलमारीची दारे उघडावीत. झड चालू असताना मात्र ती बंदच ठेवावीत, कारण त्या दिवशी बाहेरची हवा आतल्यापेक्षा जास्त ओली असते.